लिफ्ट बदलण्यासाठी सिंकिंग फंडात दरवर्षी किती टाकायचे: 28 फ्लॅटच्या सोसायटीचा हिशेब

प्रश्न: आमची कोथरूडमधली सोसायटी 2008 ची आहे. पार्किंग अधिक सात मजले, 28 फ्लॅट (7 वन बीएचके, 14 टू बीएचके, 7 थ्री बीएचके), आठ माणसांच्या दोन लिफ्ट. सिंकिंग फंडात साडेनऊ लाख आहेत आणि वर्षाला 63 हजार जमा होतात. लिफ्टवाले म्हणतात, चार-पाच वर्षांत दोन्ही बदलाव्या लागतील. पुढे गच्ची, प्लास्टर, पाइप हेही येणारच. दरवर्षी किती वर्गणी घ्यावी, आणि ती सगळ्यांकडून सारखी की क्षेत्रफळावर?

उत्तर:

थोडक्यात सांगायचे तर पहिल्या वर्षी 5 लाख 54 हजार, म्हणजे क्षेत्रफळावर चौरस फुटाला वर्षाला 22 रुपये. पुढे दर वर्षी त्यात 6 टक्के वाढ. टू बीएचकेला सुरुवातीला महिना 1,650 रुपये पडतील. हा आकडा कसा आला ते नीट बघा, कारण सभेत प्रत्येक पायरीवर प्रश्न येणार आहेत.

आधी 63 हजारांचे कोडे सोडवू. आदर्श उपविधी 13 नुसार सिंकिंग फंडाची वर्गणी प्रत्येक फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के असते. हा खर्च जमिनीची किंमत सोडून, बांधतानाचा आणि आर्किटेक्टने प्रमाणित केलेला. तुमच्या आकड्यावरून उलटा हिशेब केला, तर 63 हजार म्हणजे 2 कोटी 52 लाखांचे पाव टक्का. फ्लॅट सरासरी 900 चौरस फुटांचे धरले तर एकूण 25,200 चौरस फूट होतात, म्हणजे बांधकामाचा दर 1,000 रुपये फूट धरलेला दिसतो. त्या काळाला तो ठीकच होता. पण तो तिथेच गोठला. लिफ्टची किंमत दर वर्षी वाढते, आणि फंडाची वर्गणी मात्र 2008 च्या सिमेंट-सळईच्या भावावर उभी आहे. उपविधीतला पाव टक्का हा किमान आहे, कमाल नाही. सर्वसाधारण सभा तो वाढवू शकते. बहुतेक सोसायट्यांत तो कधीच वाढत नाही, कारण बिल्डरने हस्तांतराच्या वेळी जो आकडा बिलात छापला तोच सॉफ्टवेअरमध्ये बसलेला असतो.

आता तुमचे साडेनऊ लाख. ते खरोखर आहेत का, हे ताळेबंद उघडून बघा. सिंकिंग फंड ताळेबंदात देणे बाजूला दिसतो आणि तिथला आकडा म्हणजे आजवर सभासदांच्या बिलात लावलेली रक्कम. ती वसूल झाली की नाही, बँकेत आहे की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी मालमत्ता बाजूला ‘सिंकिंग फंड गुंतवणूक’ किंवा तत्सम नावाखाली किती मुदत ठेवी आहेत ते पाहायचे. दोन्ही बाजूंचे आकडे जुळत नसतील तर कारण बहुतेक वेळा दोनांपैकी एक असते: काही सभासदांची थकबाकी, नाहीतर देखभाल वर्गणी पुरत नाही म्हणून फंडाचे पैसे महिन्याच्या खर्चात गेलेले. ठेवी फक्त सव्वासहा लाखांच्या निघाल्या, तर सव्वातीन लाखांची ही तफावत पाच वर्षांत व्याजासह 4 लाख 15 हजारांच्या आसपास जाते. खालच्या हिशेबात लिफ्टनंतर उरणारी शिल्लक त्यापेक्षा कमी आहे, म्हणजे लिफ्टच्याच वर्षी पैसे अपुरे पडतील. म्हणून पुढचे सगळे साडेनऊ लाख प्रत्यक्ष बँकेत आहेत असे धरून वाचा, आणि नसतील तर आधी आकडा दुरुस्त करा.

खर्चाचा अंदाज

आठ माणसांची, 544 किलोची, आठ थांब्यांची नवी लिफ्ट मी 13 लाख अधिक 18 टक्के जीएसटी धरतो. म्हणजे 15 लाख 34 हजार. त्यावर 66 हजार कोटेशनबाहेरच्या कामांसाठी, एकूण 16 लाख. दोन लिफ्टचे 32 लाख. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्याकडे तीन कोटेशन आली की ते बदलून टाका. पण कोटेशनबाहेरची कामे विसरू नका, कारण ती नेहमी नंतर समोर येतात. जुन्या ओढायच्या जाळीच्या दाराऐवजी आपोआप उघडणारे दार बसवायचे म्हटले की प्रत्येक मजल्यावर चौकटीभोवती तोडफोड, प्लास्टर आणि लादीचे तुकडे बसवणे आले. थ्री फेज केबल, अर्थिंग आणि मशीनरूममधला मुख्य स्विच कंपनी बहुतेक वेळा ‘ग्राहकाने करून द्यावे’ या यादीत टाकते. लिफ्टखालच्या खड्ड्यात, म्हणजे पिटमध्ये, पावसाळ्यात पाणी साचत असेल तर त्याचे वॉटरप्रूफिंग नवी लिफ्ट येण्याआधीच झाले पाहिजे, नाहीतर नवे बफर आणि खालचे स्विच पहिल्याच पावसाळ्यात गंजायला लागतात. जुन्या लिफ्टच्या मोडीची किंमत वेगळी लिहून मागा. ती नुसती ‘समाविष्ट’ म्हटली की किती वजा झाली ते कधीच कळत नाही.

उरलेल्या मोठ्या कामांत दोनच ओळी धरू. गच्चीचे वॉटरप्रूफिंग, आरसीसी व प्लास्टरची दुरुस्ती आणि बाहेरचा रंग, हे एकत्र आजच्या भावाने 18 लाख, आठव्या वर्षी. पाण्याचे व ड्रेनेजचे उभे पाइप आणि टाक्यांची दुरुस्ती 10 लाख, दहाव्या वर्षी. इमारत 15 वर्षांच्या पुढे गेल्यामुळे उपविधीप्रमाणे दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचेच असते. ते करून घेतले असेल तर त्या अहवालातले आकडे इथे बसवा. नसेल तर तेच पहिले काम.

मशीनरूमवरचे छत मात्र आठव्या वर्षापर्यंत थांबवू नका. तिथून ठिबकणारे पाणी थेट कंट्रोलरवर पडते. नवा कंट्रोलर बसवून वर तेच गळके छत ठेवणे म्हणजे पैसे पाण्यात. हे छोटे काम लिफ्टच्या 66 हजारांत धरा.

आता महागाई आणि व्याज. भाववाढ वर्षाला 6 टक्के धरली. त्याने लिफ्टचे 32 लाख पाच वर्षांनी 42.82 लाख होतात. गच्ची-रंगाचे 18 लाख आठव्या वर्षी 28.69 लाख आणि पाइपचे 10 लाख दहाव्या वर्षी 17.91 लाख. व्याज मी हातात येणारे 5 टक्के धरतो, ठेवीवरचा पूर्ण दर नाही. सभासदांच्या वर्गणीला पारस्परिकतेचे तत्त्व लागते, म्हणजे तिच्यावर कर नाही. बँकेच्या व्याजाला ते लागत नाही, ते करपात्र आहे. सहकारी संस्थेला 20 हजारांच्या वरच्या उत्पन्नावर 30 टक्के दर लागतो, त्यामुळे ठेवीवर 7 टक्के मिळाले तरी हातात पाचाच्या आतबाहेरच येतात. सहकारी बँकेतल्या ठेवींच्या व्याजाला आयकरात वजावट मिळण्याची शक्यता असते. पण ती मिळालीच असे धरून बजेट बांधू नका. मिळाली तर गंगाजळी.

वर्गणी ठरवण्याच्या तीन पद्धती

पहिली पद्धत, प्रत्येक कामाची वेगळी पेटी. साडेनऊ लाख लिफ्टच्या पेटीत टाकले, पाच वर्षांत ते 12.12 लाख होतात. उरलेल्या 30.70 लाखांसाठी पाच वर्षे दरसाल 5.56 लाख लागतात. गच्ची-रंगासाठी आठ वर्षे दरसाल 3 लाख, पाइपसाठी दहा वर्षे दरसाल 1.42 लाख. एकूण जवळपास 10 लाख वर्षाला, म्हणजे फ्लॅटमागे सरासरी महिना 2,970 रुपये. पाच वर्षांनी तो एकदम खाली येतो. सभेत हा आकडा ठेवला तर ठराव पडतो, आणि तो पडणे अगदीच चुकीचे असते असेही नाही. आठव्या आणि दहाव्या वर्षीच्या कामांसाठी पैसे पेटीत पडून राहतात, आणि पाचव्या वर्षी लिफ्टसाठी ते वापरता येत नाहीत.

दुसरी पद्धत, एकच फंड आणि दहा वर्षे समान वर्गणी. पैसे एकाच ठिकाणी आहेत, ज्या वर्षी जे काम त्या वर्षी ते खर्चायचे, शिल्लक कधी शून्याखाली जाऊ द्यायची नाही. अशाने वर्षाला 7.06 लाख पुरतात, फ्लॅटमागे सरासरी महिना 2,100. वर्गणी पावणेतीन लाखांहून अधिक कमी झाली.

तिसरी पद्धत मी सुचवतो. एकच फंड, पण वर्गणी भाववाढीइतकीच दर वर्षी वाढणारी. कारण साधे आहे: खर्च 6 टक्क्यांनी वाढणार असेल तर वर्गणी सपाट ठेवण्यात आजच्या सभासदांवर जास्त आणि पुढच्यांवर कमी भार पडतो. सुरुवात 5.54 लाखांनी केली की चित्र असे दिसते (आकडे लाखांत, सुरुवातीची शिल्लक 9.50):

| वर्ष | वर्गणी | खर्च | वर्षअखेर शिल्लक |
|---|---|---|---|
| 1 | 5.54 | – | 15.52 |
| 2 | 5.88 | – | 22.17 |
| 3 | 6.23 | – | 29.51 |
| 4 | 6.60 | – | 37.59 |
| 5 | 7.00 | 42.82 | 3.64 |
| 6 | 7.42 | – | 11.24 |
| 7 | 7.86 | – | 19.67 |
| 8 | 8.34 | 28.69 | 0.30 |
| 9 | 8.84 | – | 9.15 |
| 10 | 9.37 | 17.91 | 1.07 |

एक्सेलमध्ये एकच सूत्र खाली ओढायचे आहे. B मध्ये शिल्लक, C मध्ये वर्गणी, D मध्ये खर्च. B2 मध्ये सुरुवातीचे 9.50 टाका आणि हे सूत्र B3 मध्ये:

```
=B2*1.05+C3-D3
```

तक्त्यातली आठव्या वर्षाची ओळ सगळ्यात नाजूक आहे. तिथे फक्त 30 हजार उरतात. म्हणून वर्गणी याहून कमी करता येत नाही. कोणी सभेत ‘दीड हजार करा, पुरेल’ म्हटले, तर हीच ओळ दाखवा, ती वजा होईल. पाचव्या वर्षीच्या 3.64 लाखांवरही विसंबू नका. लिफ्टची भाववाढ 6 ऐवजी 8 टक्के निघाली तर 32 लाखांचे 47.02 लाख होतात आणि ती शिल्लक वजा 55 हजार होते. म्हणून दर वर्षी वार्षिक सभेच्या आधी नवे कोटेशन घेऊन D स्तंभ पुन्हा भरायचा. एकदा ठरवून दहा वर्षे विसरायचा हा तक्ता नाही.

ठेवींचे व्याज फंडातच जमा झाले पाहिजे. हे सांगावे लागते, कारण कित्येक सोसायट्यांत ते उत्पन्नात घेतले जाते आणि त्यातून देखभालीची तूट भरली जाते. मग बिल वाढवावे लागत नाही, सगळे खूश. वरच्या तक्त्यात व्याज काढून टाकले तर पाचव्या वर्षी लिफ्टच्या आधी फंडात 46.47 लाखांऐवजी 40.75 लाख असतील. म्हणजे लिफ्टलाच दोन लाख कमी.

काहीच केले नाही आणि 63 हजारच चालू ठेवले, तर पाचव्या वर्षी सुमारे 27 लाख 22 हजार कमी पडतील. फ्लॅटमागे सरासरी 97 हजार, एकदम. ‘तेव्हाचे तेव्हा बघू’ म्हणणाऱ्याला हा आकडा सांगून बघा. त्यातही पाच-सहा जण वेळेत भरणार नाहीत हे धरूनच चालावे लागते, आणि लिफ्टची कंपनी त्यांच्यासाठी थांबत नाही.

सारखी की क्षेत्रफळावर

इथे तीन वेगळे नियम आहेत आणि सभेत त्यांची गल्लत होते. लिफ्टची रोजची देखभाल, दुरुस्ती आणि चालवण्याचा खर्च उपविधीप्रमाणे त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांना समान, कोणी लिफ्ट वापरो वा न वापरो. पहिल्या मजल्यावरच्यांची सूट इथे संपते. सिंकिंग फंड फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर, म्हणजे व्यवहारात क्षेत्रफळावर. आणि मोठ्या दुरुस्तीचा निधी, जो सभा गरजेप्रमाणे ठरवते, तो क्षेत्रफळावर.

तुमच्यासाठी मी अशी मांडणी करीन. सिंकिंग फंड आहे तसा 63 हजार चालू ठेवा. उरलेले 4 लाख 91 हजार ‘मोठ्या दुरुस्तीचा निधी’ या वेगळ्या नावाने, बिलात वेगळ्या ओळीत घ्या. दोन्ही क्षेत्रफळावर असल्यामुळे सभासदाला एकच दर सांगता येतो: 5,54,400 भागिले 25,200, म्हणजे बरोबर 22 रुपये फूट. 650 फुटांच्या वन बीएचकेला वर्षाला 14,300 (महिना 1,192), 900 फुटांच्या टू बीएचकेला 19,800 (1,650), 1,150 फुटांच्या थ्री बीएचकेला 25,300 (2,108). यात आजचे 63 हजारही आले, ते वेगळे नाहीत.

दोन नावे कशाला, असे विचाराल. कारण सिंकिंग फंड खर्चायच्या अटी कडक आहेत. उपविधी 14 प्रमाणे तो इमारतीची पुनर्बांधणी, ती मजबूत करण्यासाठी आर्किटेक्टच्या मते लागणारे बदल, किंवा आर्किटेक्टने प्रमाणित केलेली मोठी दुरुस्ती यांसाठीच आहे, आणि त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. लिफ्ट बदलणे यात बसवता येते. पण आर्किटेक्टचा दाखला आणि ठराव दोन्ही फाइलला असले पाहिजेत, नाहीतर लेखापरीक्षक आक्षेप घेतो. बाहेरचा रंग मात्र त्यात ओढून बसवणे कठीण. म्हणून जुने साडेनऊ लाख आणि पुढचे 63 हजार लिफ्टसाठी सोडायचे आणि रंग-पाइपसाठी दुसरा निधी ठेवायचा. तक्त्यात मात्र दोन्हींची बेरीज एकच धरायची.

ठराव वार्षिक सर्वसाधारण सभेत, 14 पूर्ण दिवसांच्या नोटिशीने. नोटिशीसोबत वरचा तक्ता जोडा. ठरावात दर, दर वर्षीची 6 टक्के वाढ, व्याज निधीतच जमा होईल, आणि निधी देखभालीसाठी वळवता येणार नाही, ही चारही वाक्ये स्वतंत्र लिहा. ‘मी दोन वर्षांत फ्लॅट विकणार, मी का भरू’ हा प्रश्न येणारच. ही वर्गणी परत मिळत नाही हे खरे. पण त्याने इतकी वर्षे जी लिफ्ट झिजवली तिचा त्याचा वाटा आजवर पुरेसा भरलेला नाही, हेही तितकेच खरे.

दोन्ही लिफ्ट खरेच बदलायच्या का?

सगळ्यात मोठी बचत इथे आहे, आणि समित्या हा प्रश्न लिफ्ट कंपनीलाच विचारतात. ‘स्पेअर मिळत नाहीत’ असे तोंडी ऐकू नका, कुठला भाग मिळत नाही ते लेखी मागा. बहुतेक वेळा उत्तर कंट्रोलरचे कार्ड असते. कंट्रोलर, मोटरचा वेग हळूहळू कमी-जास्त करणारा व्हीव्हीव्हीएफ ड्राइव्ह, दारांची यंत्रणा आणि वायरिंग बदलून, गाइड रेल, ब्रॅकेट आणि काउंटरवेट तेच ठेवून आधुनिकीकरण होऊ शकते. ते पूर्ण लिफ्टच्या सुमारे निम्म्या खर्चात बसते. गाइड रेल नीट सरळ असतील आणि गंजल्या नसतील तर त्या लवकर संपत नाहीत.

ठरवणारा भाग म्हणजे मशीन, म्हणजे गिअरबॉक्स आणि ट्रॅक्शन शिव्ह, दोर ज्याच्या खाचांतून फिरतात ते चाक. कंपनीपासून स्वतंत्र असलेल्या परवानाधारक माणसाला बोलावून मुख्य स्विच बंद करून तीन गोष्टी बघायला सांगा. गिअरबॉक्सचे थोडे तेल पांढऱ्या कापडावर काढायचे. त्यात सोनेरी चकाकी दिसली तर आतले ब्राँझचे चाक झिजते आहे. दुसरे, शिव्हवरच्या दोरांवर एक सरळ पट्टी आडवी ठेवायची. सगळे दोर तिला टेकले पाहिजेत. एखादा खाली बसलेला असेल तर त्याची खाच खोल झाली आहे, आणि मग नवे दोर घालूनही ते लवकर खराब होतात, शिव्हही बदलावी लागते. तिसरे, दोरांवर लालसर पूड. ती बाहेरून आलेली धूळ नसते, दोराच्या आत तारा एकमेकींवर घासून आणि गंजून निघालेली असते. तुटलेल्या तारा किंवा बारीक झालेला दोर दिसला तर तो दोर तातडीने बदलायचा. तो सिंकिंग फंडाची वाट बघत नाही, आणि तो खर्च रोजच्या दुरुस्तीतला आहे.

तेल स्वच्छ, खाचा समान, दोर ठीक, आणि त्रास फक्त लिफ्ट मधेच अडकण्याचा किंवा मजल्याशी न जुळण्याचा असेल, तर तुम्हाला बहुधा आधुनिकीकरण पुरेल. मजल्याशी न जुळणे हा जुन्या दोन वेगांच्या मोटरचा नेहमीचा दोष आहे, व्हीव्हीव्हीएफने तो बराच जातो. तसे झाले तर तक्त्यातले 42.82 लाख जवळपास अर्ध्यावर येतात आणि वर्गणीही कमी होते. पण आधी ती तपासणी, मग वर्गणी कमी करा, उलट नको. आणि कोथरूड-कर्वेनगर पट्ट्यात पुनर्विकासाची हवा आहे म्हणून सांगतो: सभासद येत्या आठ-दहा वर्षांत खरेच पुनर्विकासाला जाणार असतील तर नवी लिफ्ट घेऊ नका, आधुनिकीकरणच करा. 2008 च्या इमारतीला ती घाई मला दिसत नाही.

पूर्ण बदलायच्याच असतील तर दोन्हींची ऑर्डर एकत्र द्या, दर तुटतो. बसवा मात्र एकेक. पहिली चालू होऊन तिला लिफ्ट निरीक्षकांचा परवाना मिळाल्याशिवाय दुसरीला हात लावू देऊ नका, ही अट करारात घाला. महाराष्ट्रात 2017 च्या लिफ्ट कायद्याप्रमाणे बसवण्यापूर्वी परवानगी आणि चालवण्यासाठी परवाना दोन्ही लागतात. सातव्या मजल्यावरच्या ज्येष्ठांना दोन्ही लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत ठेवणे परवडणारे नाही.

पैसे कुठे ठेवायचे

सोसायटीने निधी कुठे गुंतवायचा ते सहकार कायद्याच्या कलम 70 ने ठरवलेले आहे. म्युच्युअल फंड चांगला परतावा देतो म्हणून समितीने आपल्या मनाने तिकडे जाऊ नये. जिल्हा मध्यवर्ती किंवा राज्य सहकारी बँक हा नेहमीचा रस्ता. सहकारी बँक निवडताना तिचा लेखापरीक्षणाचा वर्ग बघा, आणि सगळे एकाच बँकेत ठेवू नका. ठेव विम्याची मर्यादा एका बँकेत एका ठेवीदाराला 5 लाख आहे, आणि सोसायटी एकच ठेवीदार धरली जाते. पुण्यात हे वेगळे सांगायला नको. रुपी बँकेवर 2013 पासून निर्बंध होते आणि 2022 मध्ये तिचा परवाना रद्द झाला.

ठेवींच्या मुदतीही लिफ्टच्या वेळापत्रकाला जुळवा. लिफ्ट चालू झाल्यावर पैसे द्यायचे नसतात. काही रक्कम ऑर्डरसोबत, आणि मोठा भाग माल कारखान्यातून निघण्याआधी मागितला जातो. म्हणजे पाचव्या वर्षाच्या अखेरीस लिफ्ट हवी असेल तर निम्म्याहून अधिक रक्कम त्याच्या चार-पाच महिने आधी मोकळी हवी. ठेव मार्चअखेर पिकणारी असेल आणि कंपनी नोव्हेंबरात पैसे मागत असेल, तर मुदतपूर्व मोडल्याचा दंड बसतो. म्हणून चौथ्या वर्षापासून नव्या ठेवी वर्षभराच्याच करा, आणि त्या एकाच दिवशी पिकतील अशा न करता तीन-चार तुकड्यांत ठेवा.

एकूण किमतीचे किमान 10 टक्के, शेवटचा हप्ता म्हणून, परवाना हातात येईपर्यंत रोखून धरा. कंपनी सुरुवातीला नाही म्हणते, पण दोन लिफ्टची ऑर्डर असेल तर बहुधा मान्य करते.